हार्ड डिस्क एका झटक्यात जाते, क्लाउडवरचं आपल्याच हाताने जातं

"आमच्याकडे १९७६ पासूनचे घरचे फोटो आहेत. अल्बम, सीड्या, जुना लॅपटॉप, चार मोबाईल, सगळं मिळून ४०० जीबीच्या आत बसेल. लहान भाऊ म्हणतो दोन टीबीची हार्ड डिस्क घे नि विषय संपव, मिसेस म्हणते क्लाउडवर टाका. दर महिन्याला पैसे भरत बसायची इच्छा नाही. जास्त सेफ काय? (अमळनेर)"

भाऊ, मी जळगावला कॉम्प्युटर रिपेरिंग नि डेटा काढून द्यायचं काम करतो, बावीस वर्षं झाली. माझ्याकडे कुणी फोटो चांगले आहेत म्हणून येत नाही, गेल्यावरच येतात, म्हणून मी ह्या गोष्टीकडे उलट्या बाजूने बघतो. कोणतं सेफ ते नंतर, फोटो जातात कसे ते आधी बघू, कारण डिस्कवरचे फोटो एका कारणाने जातात नि क्लाउडवरचे भलत्याच कारणाने, आणि तुमचं उत्तर त्याच्यातच आहे. काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, म्हणजे घरी नेट कसलं आहे, दरवर्षी एक दिवस ह्या कामाला देणारं कुणी आहे का, आणि दुसऱ्या गावाला विश्वासाचं घर आहे का. ते तुम्हालाच माहीत, मी माझं सांगतो.

आधी तुमच्या भावाची बाजू. मागे चोपड्याकडचे एक रिटायर गुरुजी आले होते, पिशवीत रुमालात गुंडाळलेली एक टीबीची डिस्क. आखाजीला पोरी माहेरी आलेल्या, त्यांना जुने फोटो दाखवायचे म्हणून डिस्क टीव्हीला लावली, टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली, नातवाने वायर ओढली, डिस्क चालू असताना फरशीवर. बंद डिस्क पडली तर एखाद वेळेस वाचते, कारण तेव्हा आतलं डेटा वाचणारं हेड बाजूला पार्क झालेलं असतं. चालू असताना ते हेड फिरणाऱ्या प्लेटच्या केसाहूनही बारीक अंतरावर तरंगत असतं, धक्का बसला की प्लेटला घासतं नि जिथे घासलं तिथला लेप खरवडून निघतो. मग तो आवाज येतो, टक... टक... टक, हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही, परत जातं. गुरुजींच्या जावयाने ती दोन दिवसांत तीसेक वेळा लावून पाहिली, ह्या लॅपटॉपला, त्या लॅपटॉपला, आणि दर वेळेस तुटकं हेड प्लेटवरून पुन्हा फिरलं. असा आवाज आला तर वायर काढायची नि परत लावायची नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मी त्यांना विचारलं, गुरुजी दुसरी कॉपी कुठे? ते म्हणाले, "भाऊ, हाच तर बॅकअप होता ना." झालं असं होतं की लॅपटॉप भरला म्हणून फोटो कट-पेस्ट करून डिस्कवर टाकले, मग लॅपटॉप विकला. डिस्कवर पेनाने मोठ्या अक्षरात बॅकअप लिहिलेलं होतं पण ती बॅकअप नव्हती, ती एकुलती एक कॉपी होती. जाता जाता गुरुजी मला म्हणाले, "काही बी करा, पन मन्ही मायना फोटो काढी द्या." माझ्या दुकानात अशी डिस्क उघडता येत नाही, त्याला धूळ नसलेली खोली लागते, ती बाहेरगावी पाठवली, पैसे भरपूर गेले, साधारण तिसरा हिस्सा हाती आला. आईचा फोटो त्यात नव्हता.

दुसरी तऱ्हा आवाज न करता येणारी. डिस्क दिसते, उघडते, पण एखादं फोल्डर उघडायला मिनिट लागतं, कॉपी ९२ टक्क्यांवर थांबते, फोटो उघडला की खालचा अर्धा भाग राखाडी. प्लेटवरचे काही सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे बारीक कप्पे, आता वाचता येत नाहीत असा त्याचा अर्थ. हे आधी कळतं. `CrystalDiskInfo` नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, डिस्क लावून उघडायचं नि दोन ओळी बघायच्या, एक `05` आणि एक `C5`. `05` म्हणजे डिस्कने किती खराब सेक्टर बाजूला काढून राखीव जागेतले वापरायला घेतले, `C5` म्हणजे किती सेक्टर आत्ता वाचायला अडताहेत. शेवटच्या रकान्यात नुसती शून्यं पाहिजेत. शून्याशिवाय दुसरं काही दिसलं (तिथे आकडे हेक्समध्ये असतात, त्यामुळे `1A` असंही दिसेल, घाबरू नका, तो २६ आहे) तर त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी. पुढच्या आठवड्यात बघू असं म्हणणारे लोक मला ओळखू येतात, ते पुढच्या आठवड्यात माझ्या काउंटरवर असतात. आणि वॉरंटीचं म्हणाल तर ती डिस्कची असते, नवी डिस्क मिळते, कोरी.

आता मिसेसची बाजू. क्लाउडवर टाकलेले फोटो कंपनीची मशीन जळाली म्हणून गेले असं माझ्याकडे आजपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही. तिकडे एकाच फोटोच्या दोन-तीन कॉप्या वेगवेगळ्या जागी असतात, ते त्यांचं काम चोख करतात. क्लाउडवरचं जातं ते आपण सांगितलं म्हणून जातं. माझ्या सख्ख्या मावशीचं उदाहरण आहे, भुसावळला असते. मोबाईल भरला, नागपंचमीच्या सुमारास तिने गूगल फोटोजच्या ॲपमध्ये जाऊन जुने फोटो निवडून निवडून डिलीट केले, का तर "ते वर आहेत ना". ते वर होते, आणि तिने डिलीट दाबलं म्हणून वरूनही गेले. त्या ॲपमध्ये मोबाईल आणि क्लाउड हे दोन वेगळे डबे नाहीत, एकच डबा दोन खिडक्यांतून दिसतो. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा जातो. मावशीला दिवाळीत कळलं, तोवर ऐंशीच्या वर दिवस झाले होते. मी कॉम्प्युटरवाला भाचा, काही करू शकलो नाही, अजून सुनावते.

मोबाईलची जागा मोकळी करायला त्या ॲपमध्ये वेगळं बटण आहे, `Free up space`. ते फक्त मोबाईलमधले काढतं, वरचे ठेवतं. हा फरक घरात ज्याच्या ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याला समोर बसवून दाखवा, फोनवर सांगून समजत नाही.

क्लाउडचं दुसरं दुखणं किल्लीचं आहे. अकाउंट वडिलांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या जुन्या सिमवर, ते सिम रिचार्जशिवाय पडून राहिलं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते नि पुढे दुसऱ्या कुणाला देते. मग फोटो जागच्या जागी असतात, फक्त दार उघडत नाही, आणि कस्टमर केअर म्हणून कुणी माणूस तिथे बसलेला नसतो. गूगलचं अकाउंट दोन वर्षं उघडलंच नाही तर ते आतल्या सगळ्या मालासकट काढून टाकू शकतात, हा नियम २०२३ मध्ये आला. पैसे भरायचे बंद केले, जागा फुकटच्या १५ जीबीच्या वर भरलेली राहिली आणि अशी दोन वर्षं गेली, तरीही तेच. म्हणजे क्लाउड हे भाड्याचं घर आहे, भाडं आणि किल्ली दोन्ही सांभाळावी लागते.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. डिस्क पडते, तापते, चोरीला जाते, पण आपण मोबाईलवर काय डिलीट केलं ते तिला कळत नाही, कपाटात आहे ते आहे. क्लाउड पडत नाही, पण आपली चूक लगेच ऐकतं. एकाला मारणारी गोष्ट दुसऱ्याला मारत नाही. म्हणून मी 'हे की ते' सांगत नाही, दोन्ही सांगतो, पण सगळं सगळीकडे टाकायची गरज नाही. इथेच तुमचे पैसे वाचतात.

कारण तुमचे ४०० जीबी म्हणजे ४०० जीबी फोटो नसणार, ह्यावर मी पैज लावतो. मागच्या वर्षी पारोळ्याच्या एका घराचं काम केलं, त्यांचा आकडा ३८६ जीबी होता, तुमच्याएवढाच. चार मोबाईल, दोन लॅपटॉप, सीड्यांचा एक डबा. सगळं एका डिस्कवर ओतून मोजलं तर ९० जीबी निघालं व्हॉट्सॲपचं, गुड मॉर्निंग, भाषणं, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेचे व्हिडिओ. ७० जीबी निघाले डुप्लिकेट, तेच फोटो मोबाईलमध्येही, लॅपटॉपमध्येही आणि "न्यू फोल्डर (३)" मध्येही. १५० जीबी व्हिडिओ. मोबाईल आणि कॅमेऱ्याचे खरे घरचे फोटो ७० जीबी. आणि १९७१ ते २००४ चे कागदी फोटो, १७४० नग, स्कॅन करून फक्त ६ जीबी.

हा शेवटचा आकडा नीट बघा. चार बाय सहाचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, जेपीजीमध्ये साडेतीन एमबीच्या आसपास. तेहतीस वर्षं ६ जीबीत बसली. ज्याची निगेटिव्ह हरवली, ज्यातली माणसं आता नाहीत, ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, तो माल सगळ्यात लहान आहे, गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत जाऊन वर जागा उरते. पैसे खातो तो अलीकडचा माल, पोरांच्या गॅदरिंगचे चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ.

म्हणून पारोळ्याच्या घरी आम्ही अशी वाटणी केली. व्हॉट्सॲपचा कचरा नि डुप्लिकेट काढून २२६ जीबी राहिले, ते पूर्ण दोन डिस्कवर. क्लाउडवर फक्त फोटो नि स्कॅन, ७६ जीबी, म्हणजे १०० जीबीचा प्लॅन पुरला, ज्याचे वर्षाला साधारण १३०० रुपये पडतात. व्हिडिओसकट सगळं वर टाकायचं म्हटलं असतं तर २०० जीबीचाही पुरला नसता, दोन टीबीचा घ्यावा लागला असता नि तो वर्षाला साडेसहा हजारांच्या घरात जातो (दर बदलत राहतात, भरायच्या आधी बघून घ्या). तुम्हाला एक रुपयाही भरायचा नसेल तर नुसते स्कॅन फुकट जागेत टाका नि बाकी दोन डिस्कवर ठेवा, मला चालेल. पण त्यासाठी वेगळं अकाउंट काढाल तर ते दोन वर्षांच्या आत उघडत राहा, नाहीतर वर सांगितलं तेच होईल.

डुप्लिकेट काढताना एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो नि मूळ फोटो दिसायला सारखे असतात, पण व्हॉट्सॲपचा दाबून लहान केलेला असतो नि त्यातली काढल्याची तारीखही गेलेली असते. चार एमबीचा नि तीनशे केबीचा असे दोन दिसले तर मोठा ठेवायचा. पुढे कधी पाहुण्यांकडून लग्नाचे फोटो मागवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल येते.

आता काम कोणत्या क्रमाने करायचं, तर जे आधी मरणार ते आधी वाचवायचं. तुमच्या सीड्या पहिल्या. २००३-०८ च्या काळात घरी राइट केलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, त्यावर लेसरने लिहिलेलं असतं, तो थर उष्णतेने नि उजेडाने उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एका ड्राइव्हमध्ये नाही वाचली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, बऱ्याचदा वाचते. लग्नाची व्हीसीडी असेल तर `MPEGAV` फोल्डरमध्ये `AVSEQ01.DAT` अशी फाइल असते, ती तशीच कॉपी करा, व्हीएलसीमध्ये चालते. सीड्यांनंतर जुना लॅपटॉप, मग मोबाईल, कागदी अल्बम सगळ्यात शेवटी. अल्बम पन्नास वर्षं टिकलेत, अजून सहा महिने टिकतील. चिकटपट्टीवाल्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नका, अख्खं पान स्कॅनरवर ठेवा. आणि स्कॅन झाले म्हणून अल्बम भंगारात देऊ नका, असंही एकाने केलेलं आहे.

फाइलला नाव देताना वर्ष पुढे टाका, `1987-05_lagn_amalner_001.jpg` असं. स्कॅन केलेल्या फाइलला तारीख स्कॅन केल्याच्या दिवसाची लागते, त्यामुळे वडिलांच्या लग्नाचे फोटो गूगल फोटोजमध्ये टाकले की ते ह्या वर्षीच्या गणपतीशेजारी जाऊन बसतात नि फोल्डरही मोडतात. मी म्हणून स्कॅन गूगल फोटोजमध्ये टाकत नाही, गूगल ड्राइव्हमध्ये ब्राउझरमधून फोल्डरच्या फोल्डर ओढून टाकतो, तिथे फोल्डर आहे तसं राहतं नि फाइल जशीच्या तशी राहते. मोबाईलचे फोटो मात्र फोटोजमध्येच सोयीचे, फक्त सेटिंगमध्ये `Storage saver` च्या जागी `Original quality` करा, नाहीतर ते फोटो दाबून ठेवतं. ड्राइव्हचं कॉम्प्युटरवर बसवायचं सिंकवालं सॉफ्टवेअर ह्या कामाला नको, फोल्डर सिंक केलं की इकडे चुकून डिलीट झालेलं तिकडेही होतं नि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवसच मिळतात.

अपलोडला किती वेळ लागेल त्याचा हिशोब आधी करा, म्हणजे मध्येच वैताग येणार नाही. फायबरचा प्लॅन घेताना जो स्पीड सांगतात तो बहुतेक डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा तपासा. १० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर ७६ जीबीला सतरा तास, दोन रात्रींचं काम. तेच सगळे ३८६ जीबी टाकायला साडेतीन दिवस अखंड. आणि मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर करायचं म्हणाल तर ७६ जीबीलाच अडतीस दिवस, आणि तेही दुसरं काही न बघता. घरी फायबर नसेल तर भावाकडे किंवा ऑफिसात, जिथे असेल तिथे दोन रात्री बसा.

डिस्ककडे येऊ. दोन घ्या, आणि एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच कंपनीच्या जुळ्या घेऊ नका, एका लॉटमध्ये दोष असला तर दोघींत असतो. फिरणारी हार्ड डिस्कच घ्या. दुकानदार एसएसडी गळ्यात मारेल, ती फास्ट आहे, पडली तरी मरत नाही हे खरं, पण तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो नि वर्षानुवर्षं करंट न देता गरम कपाटात पडली तर तो भार हळूहळू गळतो. रोजच्या वापराला एसएसडी, कपाटात ठेवायला हार्ड डिस्क. आणि डिस्कला पासवर्डचं कुलूप लावू नका असं माझं मत आहे. घरच्या फोटोंना चोराचं भय कमी, पासवर्ड विसरण्याचं जास्त.

नवी आणली की लगेच फोटो टाकायचे नाहीत. विंडोजमध्ये एनटीएफएस फॉरमॅट करा, `Quick Format` ची टिक काढून. असं केलं की विंडोज सगळी प्लेट लिहून तपासतं, दोन टीबीला पाच-सहा तास लागतात. मग `CrystalDiskInfo` मध्ये `05` नि `C5` बघा. ह्या पहिल्याच दिवशी शून्य नसलेल्या डिस्क मी दुकानदाराला परत केलेल्या आहेत. हे काम सकाळी करा. बऱ्याच बाहेरच्या डिस्कच्या कागदावर चालू असताना ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं नि आपल्याकडे वैशाखात दुपारी घरातच त्याच्या वर असतं, भुसावळचं तर बोलूच नका. उन्हाळ्यात मोठी कॉपी मी पहाटे लावतो, डिस्क फरशीवर, वर पंखा.

कॉपीला माउसने ओढून टाकू नका, मध्ये एक फाइल अडली की सगळं थांबतं नि काय राहिलं ते कळत नाही. विंडोजमध्येच `robocopy` आहे. फोटो `D` वर नि डिस्क `E` असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
robocopy "D:\Photo" "E:\Photo" /E /DCOPY:DAT /R:1 /W:1 /TEE /UNILOG:D:\copylog.txt
```

संपल्यावर खाली तक्ता येतो, त्यात `FAILED` च्या रकान्यात शून्य पाहिजे. नसेल तर `copylog.txt` उघडा, कोणती फाइल अडली ते त्यात असतं. मध्येच लाइट गेली तर हीच ओळ पुन्हा चालवा. इंटरनेटवर लोक ह्याच कमांडला `/MIR` लावायला सांगतात, ते लावू नका, त्याने मूळ जागी जे नाही ते डिस्कवरूनही पुसलं जातं, म्हणजे परत मावशीचीच गोष्ट.

पुढच्या वर्षी नवे फोटो चढवाल तेव्हा त्याच ओळीत `/XC /XN /XO` हे तीन वाढवा. त्याने डिस्कवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिला हात लागत नाही, फक्त नवीन नावाच्या फाइली जातात. लॅपटॉपवरचा एखादा फोटो वर्षभरात खराब झाला असेल तर तो खराब फोटो चांगल्यावर जाऊन बसू नये म्हणून हे. त्याची किंमत अशी की फोटोत काही दुरुस्ती केली तर ती वेगळ्या नावाने सेव्ह करावी लागते. पहिल्या कॉपीला मात्र हे तीन लावू नका, अर्धवट राहिलेली फाइल दुसऱ्या फेरीत तशीच सुटून जाते.

आता तपासणी, जी कुणी करत नाही. कॉपी झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही. डिस्क सेफली रिमूव्ह करून काढा, परत लावा (नाहीतर कॉम्प्युटर आपल्या मेमरीतलंच वाचून सगळं ठीक म्हणून सांगतो), आणि `FreeFileSync` मध्ये दोन्ही फोल्डर देऊन तुलना `File content` वर ठेवून चालवा. ते दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचतं. फक्त `Compare` दाबा, `Synchronize` नको. पारोळ्याच्या २२६ जीबीला पावणेदोन तास लागले आणि अकरा फाइली वेगळ्या निघाल्या, सगळ्या एकाच मेमरी कार्डावरून आलेल्या, कार्ड जाता जाता कधी काही कधी काही वाचून देत होतं. कार्ड हातात होतं म्हणून त्यातल्या नऊ दुसऱ्या कार्ड रीडरने परत मिळाल्या. हेच दोन वर्षांनी कळलं असतं तर कार्ड कुठे असतं?

क्लाउडवरचं तपासायला दहा-बारा फोटो वेगवेगळ्या वर्षांचे खाली उतरवा नि मूळ फाइलशी ताडून बघा. साइज सारखी तर बहुतेक ठीकच. मनाचं समाधान करायचं असेल तर

```
certutil -hashfile "E:\Photo\1987-05_lagn_amalner_001.jpg" SHA256
```

दोन्ही फाइलींवर चालवा, लांबलचक आकडा अक्षर न् अक्षर जुळला म्हणजे फाइल तीच. किल्लीचं कामही त्याच बैठकीत उरका. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये `Backup codes` असतात, आठ आकड्यांचे दहा, ते छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा, सिम गेलं तरी त्यातल्या एकाने आत जाता येतं. रिकव्हरीला मिसेसचा नंबर टाका, तुमचाच दुसरा नंबर नको.

राहिला प्रश्न दोन डिस्क ठेवायच्या कुठे. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर चोराला नि आगीला ती एकच डिस्क आहे. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावी. पारोळ्याच्या घराचा धाकटा भाऊ सुरतेला आहे, अर्धा खानदेश तिकडेच आहे म्हणा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईच्या सणाला तो गावी येतोच, रोटांचा प्रसाद चुकवत नाही. मग आम्ही तोच दिवस ठरवला. तो सुरतची डिस्क घेऊन येतो, रविवारी सकाळी इकडे तिच्यावर वर्षभराचे नवे फोटो चढतात, `05` नि `C5` बघून होतं, तुलना लावून सगळे रोट खायला बसतात, आणि सोमवारी विसर्जन झालं की इकडची ताजी डिस्क तो घेऊन जातो, त्याची आणलेली इथे राहते. दोन्ही डिस्कना वर्षातून एकदा फिरायला मिळतं, आणि सगळे भाऊ जमलेले असतात त्यामुळे प्रत्येकाचा मोबाईलही त्याच दिवशी खाली होतो. डिस्क पाच वर्षांची झाली की ती ठीक दिसली तरी कामातून काढायची नि नवी घ्यायची, दोघींची वर्षं मागेपुढे ठेवायची.

सुरतेला तळमजल्यावर ठेवू नको हे त्याला मी वेगळं सांगितलं, २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापीने तिथे काय केलं ते त्याने स्वतः बघितलेलं आहे. प्रवासात डिस्क बॅगेत कपड्यांच्या घडीत, वायर वेगळी काढून, वायर खोचलेली राहिली तर ते बारीक सॉकेट आतून सैल होतं नि मग डिस्क दिसते-नाहीशी होते.

आणि डिस्कवर काय लिहायचं तेही सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही सुरतच्या डिस्कवर "फॅमिली फोटो बॅकअप" असं छान स्टिकर लावलं. त्याच्या पोराने जागा रिकामी दिसली म्हणून दीडशे जीबी पिच्चर टाकले, मग ते काढताना शेजारचं २०११ चं फोल्डरही सोबत गेलं. कानबाईला तुलना लावली तेव्हा सापडलं, गावच्या डिस्कवर होतं, परत टाकलं. आता स्टिकरवर पारोळ्याच्या काकूंच्या हाताने लिहिलेलं आहे, "ह्यात पिच्चर टाकशील तर घरात घेणार नाही."